व्ही/क्यू आणि ऑक्सिजनचा कर्व्ह: ते २३ मिमी कुठे गेले?

पहिल्या वर्षाच्या फिजिओलॉजीच्या व्हायवात मी एक प्रश्न मोठ्या आत्मविश्वासाने चुकवला होता. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "अर्ध्या फुप्फुसाला हवा नीट मिळत नाही. उरलेलं अर्धं चांगलं आहे आणि जोरात चालतंय. मग रक्तातला ऑक्सिजन भरून का निघत नाही?" मी म्हटलं, "निघेल की सर. एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त." सरांनी कागद पुढे सरकवला. वाईट बाजूचा पीओटू ४५, चांगल्या बाजूचा ११५, रक्त दोन्हीकडे सारखंच. मी बेरीज केली, दोनने भागलं आणि ८० लिहून मोकळा झालो.

"याच्या धमनीत ५७ आहे," सर म्हणाले. "वरचे २३ कुठे गेले?"

उत्तर मला आलं नाही. नंतर वॉर्डात पोस्टिंग सुरू झाल्यावर कळलं की व्ही/क्यू मिसमॅच आणि ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह हे आपण वेगवेगळ्या आठवड्यांत, वेगवेगळ्या वह्यांत शिकतो, आणि ही वजाबाकी नेमकी त्या दोघांच्या मध्ये पडते. या लेखात तेवढंच करायचं आहे: ते २३ मिमी शोधायचे.

काय जवळ ठेवायचं

ग्राफ पेपरचं एक पान (जर्नलमधलं चालेल), पेन्सिल, पट्टी आणि साधा कॅल्क्युलेटर. एखाद्या सीनियरकडून नाव खोडलेला जुना एबीजी रिपोर्ट मिळाला तर उत्तम. पुस्तक मिटूनच ठेवा. छापील कर्व्ह बघून मान डोलवणं सोपं असतं, स्वतः काढायला बसलं की कुठे अडतोय ते कळतं. लेखात दाबाचे सगळे आकडे मिमी पाऱ्यात आहेत.

१. आधी गुणोत्तर, पण त्यावर फार विश्वास नको

आरामात बसलेल्या माणसाच्या अल्व्हिओलायपर्यंत मिनिटाला साधारण ४ लिटर हवा पोचते आणि फुप्फुसातून साधारण ५ लिटर रक्त जातं. ४ भागिले ५ म्हणजे ०.८. हे व्ही/क्यू गुणोत्तर सगळ्यांना पाठ असतं.

पहिला सापळा इथेच आहे. ०.८ हा पूर्ण फुप्फुसाचा हिशेब आहे, एखाद्या अल्व्हिओलसचा नाही. उजव्या फुप्फुसाला सगळी हवा आणि डाव्याला सगळं रक्त दिलं तरी एकूण गुणोत्तर ०.८ च येईल, आणि तो माणूस काही मिनिटांत जाईल. म्हणून "गुणोत्तर किती" या प्रश्नापेक्षा "हवा आणि रक्त एकाच ठिकाणी भेटतायत का" हा प्रश्न महत्त्वाचा.

दोन टोकं लक्षात ठेवा. रक्त जातंय पण हवा शून्य, तर गुणोत्तर शून्य, हा शंट. हवा जातेय पण रक्त शून्य, तर गुणोत्तर अनंत. ही डेड स्पेस. खरे आजार बहुतेक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात. निरोगी माणसातही उभं राहिल्यावर फुप्फुसाच्या टोकाला गुणोत्तर ३ च्या वर आणि तळाला ०.६ च्या आसपास असतं. म्हणजे थोडा मिसमॅच तुमच्या-माझ्यातही आहे, फक्त तो भोवत नाही.

२. एका अल्व्हिओलसचा पीओटू कोण ठरवतं

अल्व्हिओलसला एक टाकी समजा. वरून श्वासाने ऑक्सिजन पडतोय, खालून रक्त तो उपसतंय. वरची धार बारीक झाली तर पातळी खाली येते, पार शिरेतल्या रक्ताइतकी, म्हणजे ४० पर्यंत. खालचा उपसा कमी झाला तर पातळी वर चढते आणि श्वासातल्या हवेच्या जवळ जाते. व्ही/क्यूने पीओटू ठरतो तो असा.

वरची मर्यादा किती? त्यासाठी हे समीकरण:

```
PAO2 = FiO2 × (PB − 47) − PaCO2 / 0.8
```

मुंबईत बसून हे सोडवणाऱ्यांची सोय आहे. आपण समुद्राच्या काठावर आहोत, त्यामुळे `PB` सरळ ७६० घ्यायचा. पाण्याच्या वाफेचे ४७ वजा केले की ७१३, त्याचे २१ टक्के म्हणजे १५०. कार्बन डायऑक्साइड ४० असेल तर ४० भागिले ०.८ म्हणजे ५०. १५० मधून ५० गेले, उरले १००. (महाबळेश्वरला हेच गणित करायचं तर हवेचा दाब ६५० च्या आसपास धरावा लागेल आणि १०० च्या जागी सुमारे ७६ येतील. सहलीला गेलात तर बसमध्ये करून बघा.)

यातून एक गोष्ट डोक्यात पक्की करा. साध्या हवेवर कितीही जोरात श्वास घेतला तरी अल्व्हिओलसमधला पीओटू १५० च्या पुढे जाऊच शकत नाही. कार्बन डायऑक्साइड अगदी २० पर्यंत उतरवला तरी हाती १२५ येतात. चांगल्या बाजूला वर चढायला जागाच थोडी आहे. आणि जी आहे तीही फारशी कामाची नाही, ते पुढच्या पायरीत दिसेल.

३. कर्व्ह स्वतःच्या हाताने काढा

ग्राफ पेपरवर आडव्या अक्षावर पीओटू, ० ते १२०. उभ्या अक्षावर सॅच्युरेशन, ० ते १००. आता पाच ठिपके द्या:

- पीओटू २७ ला ५० टक्के
- ४० ला ७५
- ६० ला ९०
- ८० ला ९६
- १०० ला ९७.५

शून्यापासून सुरू करून ठिपके हलक्या हाताने जोडा. पट्टी लावू नका. सुरुवातीला थोडा आडवा, मग चढ, आणि ६० च्या पुढे जवळजवळ सपाट असा आकार यायला हवा.

हा आकार का, ते लोकलवरून समजतं. एका हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनच्या चार जागा. लोकलमध्ये तिघं बसलेल्या बाकावर चौथी सीट मागायची म्हणजे कुरबूर ऐकावी लागते. हिमोग्लोबिनचा स्वभाव उलटा आहे. पहिल्यालाच बसायला कष्ट पडतात. तो बसला की रेणूचा आकार बदलतो आणि पुढच्यांना जागा सहज मिळत जाते. म्हणून मधला चढ इतका तीव्र. पण चारही जागा भरल्या की विषय संपला. फलाटावर गर्दी वाढली म्हणजे बाक लांब होत नाही, म्हणून वरचा सपाट भाग.

आता पेन्सिलीने दोन उड्या मोजा. ४० वरून ६० वर गेलात तर सॅच्युरेशन १५ टक्क्यांनी वाढतं. १०० वरून १२० वर गेलात तर जेमतेम एका टक्क्याने. वीस मिमी दोन्हीकडे सारखेच, किंमत मात्र वेगळी. व्हायवात उत्तराचा गाभा हाच असतो, बाकीचं सगळं याभोवतीचं.

इथला सापळा असा: पीओटू म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण नव्हे. पीओटू हा दाब आहे, फलाटावरची रेटारेटी म्हणा. प्रमाण म्हणजे प्रत्यक्ष गाडीत बसलेली माणसं, आणि ते या सूत्राने निघतं:

```
CaO2 = 1.34 × Hb × SaO2 + 0.003 × PaO2
```

एचबी १५ असेल आणि सगळ्या जागा भरल्या असतील तर पहिला भाग २०.१ मिली प्रति डेसिलिटर येतो. दुसरा भाग, म्हणजे नुसता प्लाझ्मात विरघळलेला ऑक्सिजन, पीओटू १०० असताना फक्त ०.३. सॅच्युरेशन ०.९८ असं टाकायचं, ९८ नाही. हसू नका, माझ्या बॅचच्या निम्म्या पोरांनी ९८ टाकून उत्तर दोन हजारांत आणलं होतं.

४. आता ते २३ मिमी

केस घ्या. साधारण चाळिशीच्या बाई, जुना दमा, रात्रभर खोकला. सकाळी कॅज्युअल्टीत आल्या तेव्हा वाक्य पुरं करता येत नव्हतं, श्वास मिनिटाला ३०. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर ८९ दाखवत होता.

दम्यात सगळ्या श्वासनळ्या सारख्या आवळत नाहीत. काही भाग चिकट कफाने आणि आवळलेल्या स्नायूंनी जवळजवळ बंद, तर बाकीचे त्यांच्या वाट्याची हवाही ओढून घेतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण फुप्फुसाचे दोनच कप्पे करू. रक्त दोन्हीकडे मिनिटाला अडीच लिटर.

वाईट कप्प्यात हवा पोचतेय फक्त ०.६ लिटर. गुणोत्तर ०.२५ च्या जवळ, पीओटू ४५. चांगल्या कप्प्यात ४.३ लिटर, गुणोत्तर १.७, पीओटू ११५.

पुढे जाण्याआधी एकूण बेरीज करा. हवा ४.९ लिटर, रक्त ५ लिटर, गुणोत्तर जवळजवळ १. कागदावर या बाईंचं गुणोत्तर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं आहे! पहिल्या पायरीत सरासरीवर विश्वास ठेवू नका म्हटलं ते यासाठी.

आता प्रत्येक कप्प्यातून बाहेर पडणारं रक्त तुमच्या कर्व्हवर ठेवा.

वाईट कप्पा: ४५ ला सॅच्युरेशन सुमारे ८०. एचबी १५ धरा. २०.१ चे ८० टक्के १६.१, अधिक विरघळलेला ०.१. एकूण १६.२ मिली.

चांगला कप्पा: ११५ ला ९८. २०.१ चे ९८ टक्के १९.७, अधिक विरघळलेला ०.३. एकूण २० मिली.

डाव्या एट्रियममध्ये ही दोन रक्तं मिसळतात, तेव्हा मिसळतो तो ऑक्सिजनचा साठा. दाबांची सरासरी तिथे कुणी काढत नसतं. १६.२ आणि २० यांची सरासरी १८.१. त्यातून विरघळलेला ०.२ वजा केला आणि २०.१ ने भागलं की सॅच्युरेशन येतं ८९. आता कर्व्हवर उलटं जा: उभ्या अक्षावर ८९ धरून आडवी रेघ कर्व्हपर्यंत न्या, तिथून खाली उतरा. पट्टी ५७ च्या आसपास टेकेल.

हे ते ५७. पल्स ऑक्सिमीटरवरचे ८९ पण हेच.

मी ८० लिहिलं तेव्हा मी गृहीत धरलं होतं की दाब आणि साठा सरळ रेषेत वाढतात. कर्व्ह सरळ असता तर ८० बरोबर ठरलं असतं. तो वर सपाट आहे, म्हणून चांगल्या कप्प्याने १०० च्या वर कमावलेल्या पंधरा मिमींना साठ्यात काहीच किंमत मिळाली नाही. उलट वाईट कप्पा चढावर उभा आहे, तिथे गमावलेला प्रत्येक मिमी महागात पडला. ते २३ मिमी कर्व्हच्या वाकण्यात गेले.

पुन्हा लोकलकडे. दादरला एका फलाटावर गाडी गच्च भरलेली, शेजारच्या फलाटावर दुसरी, तिच्या पाचातल्या एका बाकावर कुणी नाही. पहिल्या फलाटावर आणखी शंभर माणसं आणून उभी केली तर दुसऱ्या गाडीतले बाक भरतील का? चांगल्या फुप्फुसाने जोरात श्वास घेणं म्हणजे भरलेल्या गाडीसमोर गर्दी वाढवणं.

हवं तर चांगल्या कप्प्याचं सॅच्युरेशन १०० करून गणित पुन्हा करा. मिश्रण ९० च्या आसपास येईल, पीओटू ६० च्या जवळपास. बाईंनी कितीही धाप टाकली तरी साध्या हवेवर छत तेवढंच.

५. मग कार्बन डायऑक्साइड का वाढला नाही

याच बाईंच्या एबीजीत पीसीओटू ३८ आला होता. वाईट कप्प्यात ४४, चांगल्यात ३२, मिश्रण ३८. इथे सरासरी चालली!

कारण कार्बन डायऑक्साइडचा कर्व्ह आपल्या नेहमीच्या पट्ट्यात जवळजवळ सरळ आहे. त्याच्या गाडीला बाकांची मर्यादा नाही. त्याचा मोठा भाग बायकार्बोनेट म्हणून जातो. चांगल्या कप्प्याने जास्त हवा खेळवली की तो खरोखरच जास्त बाहेर पडतो आणि दुसरीकडची तूट भरून निघते. म्हणून व्ही/क्यू मिसमॅचचा नेहमीचा चेहरा असा: ऑक्सिजन खाली, कार्बन डायऑक्साइड नॉर्मल किंवा कमी. "कार्बन डायऑक्साइड जास्त सहज पसरतो म्हणून" असं उत्तर बरेच जण देतात. डिफ्युजनच्या प्रश्नात ते चालेल, इथे नाही. इथे मुद्दा कर्व्हच्या आकाराचा आहे.

जाता जाता, ३८ बघून हुश्श करू नका. मिनिटाला ३० श्वास घेऊन हे ३८ टिकवलेत. दम्याच्या झटक्यात पेशंट इतकी धापत असताना पीसीओटू कमी असायला हवा. तो नॉर्मलला आलाय म्हणजे स्नायू थकायला लागलेत, असं आधी धरायचं.

६. एबीजीवरून ओळखायचं कसं

ऑक्सिजन कमी दिसला की दोनच प्रश्न क्रमाने विचारा.

पहिला प्रश्न: अल्व्हिओलसमधल्या आणि धमनीतल्या पीओटूत अंतर किती? आपल्या केसमध्ये पीसीओटू ३८, म्हणजे ३८ भागिले ०.८ बरोबर ४७.५. १५० मधून वजा केल्यावर अल्व्हिओलसमध्ये असायला हवेत १०२, धमनीत आहेत ५७. अंतर ४५. तरुण माणसात हे १५ च्या आत असतं, वय वाढतं तसं थोडं वाढतं. अंदाजाला वयाला ४ ने भागून त्यात ४ मिळवा. चाळिशीला १४. मग ४५ म्हणजे हवा आणि रक्त एकमेकांना चुकवतायत, हे नक्की.

तुलनेसाठी, अफूजन्य औषधाच्या जास्त डोसने श्वास मंदावलेला पेशंट घ्या. पीओटू ५५, पीसीओटू ७०. ७० भागिले ०.८ म्हणजे ८७.५, अल्व्हिओलसमध्ये ६२. अंतर फक्त ७. धमनीतला ऑक्सिजन जवळपास तेवढाच खाली, पण फुप्फुस निर्दोष, फक्त भाता हळू चाललाय. पीओटू एकट्याने बघून या दोघांत फरक करता येत नाही.

दुसरा प्रश्न: ऑक्सिजन दिल्यावर काय होतं? बाईंना ४० टक्क्यांचा मास्क लावा. आता ७१३ चे ४० टक्के म्हणजे २८५. वाईट कप्प्यात हवा अजूनही तितकीच थोडी पोचतेय, पण त्या थोड्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ दुप्पट आहे. तिथला पीओटू चढ ओलांडून १०० च्या आसपास जातो, सॅच्युरेशन ९७-९८. रिकामा बाक भरला. चांगल्या कप्प्याला मास्कचा उपयोग फारसा नाहीच, फायदा झाला तो वाईटाला.

नळी पूर्णच बुजली असती किंवा अल्व्हिओलाय पूने भरले असते तर? तिथे मास्कचा ऑक्सिजन पोचतच नाही. तिथून जाणारं रक्त शिरेतलंच राहून पुढे येऊन मिसळतं आणि सॅच्युरेशन मनासारखं वर येत नाही. हा शंट. ऑक्सिजन दिल्यावर छान सुधारला तर मिसमॅच, अडून बसला तर शंट, एवढा ढोबळ नियम बेडसाइडला पुरतो. खऱ्या न्यूमोनियात दोन्ही एकत्र असतात, त्यामुळे सुधारणा अर्धवट दिसली तर गोंधळू नका.

७. उजवीकडे सरकणं: घाईने लिहू नका

"अ‍ॅसिडोसिस, ताप, कार्बन डायऑक्साइड, २,३-बीपीजी, कर्व्ह उजवीकडे" हे पाठ असतंच. ख्रिश्चन बोर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये कोपनहेगनला कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम दाखवला, म्हणून बोर इफेक्ट. पण मिसमॅचच्या प्रश्नात तो कारण म्हणून घुसडू नका. आपल्या बाईंचा पीओटू ५७ झाला तो कर्व्ह सरकल्यामुळे नाही. सरकला नसता तरी ५७ च्या आसपासच आला असता.

मात्र एवढं बघा: निरोगी माणसाला ताप आला तर १०० च्या सपाट भागावर सरकण्याचा फरक जाणवत नाही. या बाई चढावर उभ्या आहेत. त्यांना ताप आला तर त्याच ५७ ला सॅच्युरेशन ८९ च्याही खाली दिसेल.

८. शरीर स्वतः काय करतं, आणि आपण ते कधी बिघडवतो

हवा जोरात ओढून ऑक्सिजनची भरपाई होत नाही म्हटल्यावर दुसरा मार्ग उरतो: रक्तच वाईट कप्प्याकडे कमी पाठवायचं. अल्व्हिओलसमधला ऑक्सिजन कमी झाला की तिथली छोटी धमनी आवळते. बाकी शरीरात ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या फुलतात, फुप्फुसात उलटं. याला हायपॉक्सिक पल्मनरी व्हॅसोकन्स्ट्रिक्शन म्हणतात. नाव लांबलचक असलं तरी काम सोपं आहे, मोकळ्या फलाटावरच्या गाड्याच कमी करायच्या.

किती फरक पडतो ते करून बघा. वाईट कप्प्यातून निम्म्याऐवजी फक्त वीस टक्के रक्त जाऊ द्या, बाकी आकडे तसेच. ९८ चे ०.८ अधिक ८० चे ०.२, मिश्रण ९४ च्या पुढे. कर्व्हवर उतरा, पीओटू ७२ च्या आसपास. एक श्वासही न वाढवता ५७ चे ७२. (प्रत्यक्षात वाईट कप्प्यावरचा उपसा कमी झाल्याने तिथला पीओटूही थोडा वर येतो, म्हणजे फायदा आणखी.)

इंटर्नशिपमधली एक सकाळ यामुळेच लक्षात राहिली. दम्याचाच एक पेशंट, साध्या हवेवर ९१. ऑक्सिजनचा पॉइंट मोकळा नव्हता म्हणून आम्ही साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन कॉम्प्रेसरवर लावलं. पाच-सात मिनिटांत छातीतली शिट्टी कमी ऐकू यायला लागली, माणूस म्हणाला बरं वाटतंय, आणि मॉनिटरवर ८८. सिस्टर माझ्याकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टर, औषध दिल्यावर खाली कसं?" मी प्रोब बदलला, बोट बदललं, नेलपॉलिश नाही ना तेही पाहिलं. ८८ च.

साल्ब्युटामॉल श्वासनळी उघडतं, पण रक्तवाहिन्याही सैल करतं. कफाने अडलेल्या कप्प्यात हवा पोचायला वेळ लागतो, तिथली आवळलेली धमनी मात्र आधी सुटते. रक्त पुन्हा वाईट कप्प्याकडे वळतं आणि मिश्रणात ८० टक्केवाल्याचा वाटा वाढतो. छाती सुधारतेय आणि आकडा पडतोय, दोन्ही एकाच वेळी खरं असतं. रजिस्ट्रार मॅडम आल्या, त्यांनी नेब्युलायझर ऑक्सिजनच्या पॉइंटवर जोडायला लावला आणि मला विचारलं, "कुठल्या कप्प्यातलं रक्त वाढलं?"

या वेळी मी ग्राफ पेपर मागितला.